काकूंचे 1,054 रुपये

आमच्या शेजारच्या काकू गेल्या महिन्यात पासबुक घेऊन घरी आल्या. "अरे, एवढंच पडलंय, बघ जरा. बँकवाल्यानं काही कापलंय का?" मी पासबुक बघितलं. 1,054 रुपये. कुणी काही कापलेलं नव्हतं. नियमाने तेवढेच बसतात. पण हे त्यांना सांगताना माझीच जीभ अडखळली. म्हणून आज थोडं सविस्तर लिहितोय. पोस्ट लांब आहे, पण ज्यांच्या घरात सूतगिरणी, साखर कारखाना, एसटी, एमआयडीसी असं कुठलंही पीएफवालं पेन्शन येतं, त्यांनी शेवटपर्यंत वाचा. विशेषतः घरातल्या बाईने वाचा, किंवा तिला वाचून दाखवा.

काका सूतगिरणीत होते. त्याआधी बरीच वर्षं मागावर. आमचं गाव मागांचं. वीसपेक्षा कमी कामगार असले की पीएफचा कायदा आपोआप लागू होत नाही, आणि आपल्याकडे एकाच छपराखाली भावाच्या नावाने एक शेड, वहिनीच्या नावाने दुसरी शेड कशी असते ते मी नव्याने सांगायला नको. त्यामुळे मागावरची काकांची सगळी वर्षं पेन्शनच्या हिशोबात शून्य. 2001 च्या सप्टेंबरला ते गिरणीत लागले, तेव्हा वय 39. पहिल्यांदा पीएफ कापला गेला. 2020 च्या ऑगस्टला 58 पूर्ण होऊन निवृत्त झाले. एकूण 19 वर्षं. 2025 च्या फेब्रुवारीत गेले.

आणि काकू? बँकेच्या फॉर्मवर त्यांच्या नावापुढे 'गृहिणी' लिहिलंय. या बाईने तीस वर्षं कांड्या भरल्या. सकाळी डबा, पाणी, पोरं, आणि उरलेल्या वेळात शेजारच्या शेडवर कांडी. पैसे आठवड्याला रोख. ना हजेरीपत्रक, ना पीएफ. म्हणजे कायद्याच्या नजरेत काकूंनी आयुष्यात एक दिवसही काम केलेलं नाही. त्यांना स्वतःचं पेन्शन नाही. जे काही मिळायचं ते नवऱ्याच्या नोकरीतून.

आता ते 1,054 कसे आले ते बघू. गणित सोपं आहे आणि प्रत्येकाला आपल्या घरचं करता येतं.

पीएफबरोबर जे पेन्शन मिळतं त्याची योजना 16 नोव्हेंबर 1995 पासून लागू आहे. म्हणून तिला ईपीएस-95 म्हणतात. मालक पीएफमध्ये जो वाटा भरतो त्यातले पगाराच्या 8.33 टक्के या पेन्शन फंडात जातात. पण पूर्ण पगारावर नाही, मर्यादेपर्यंतच. ती मर्यादा 2001 पासून 6,500 रुपये होती, 1 सप्टेंबर 2014 पासून 15,000 झाली. म्हणजे आज जास्तीत जास्त 1,250 रुपये महिन्याला जमा होतात. पेन्शन काढताना पगार गुणिले नोकरीची वर्षं, भागिले 70. पगार म्हणजे शेवटच्या 60 महिन्यांची सरासरी. आणि ज्यांची नोकरी 2014 च्या आधीपासून आहे त्यांचे दोन तुकडे पडतात. आधीच्या वर्षांना 6,500 ची मर्यादा, नंतरच्या वर्षांना 15,000 ची.

काकांचा शेवटच्या पाच वर्षांचा मूळ पगार आणि डीए मिळून सरासरी 10,500 होता. 2014 पर्यंतची 13 वर्षं. तिथे 10,500 धरायचे नाहीत, 6,500 च धरायचे. 13 गुणिले 6,500 भागिले 70, म्हणजे 1,207 रुपये. पुढची 6 वर्षं पूर्ण 10,500 वर. त्याचे 900. बेरीज 2,107. हे काकांचं महिन्याचं पेन्शन. आणखी एक वर्ष भरलं असतं तर 20 वर्षं पूर्ण होऊन दोन वर्षांची सूट वर मिळाली असती. तेही थोडक्यात हुकलं.

काका होते तोवर 2,107 यायचे. त्यात दोघांचं धकत होतं असं नाही, पोरगा हातभार लावायचाच, पण काकांची गोळी आणि लाईटबिल त्यातून जायचं. काका गेले आणि रकमेचे दोन तुकडे झाले. निवृत्तीनंतर पेन्शनर वारला तर त्याच्या बायकोला त्याच्या पेन्शनच्या निम्मं मिळतं. 2,107 चं निम्मं 1,054. निम्मं करून आकडा 1,000 च्या खाली जात असेल तर 1,000 देतात, ही किमान रक्कम 1 सप्टेंबर 2014 पासून आहे. काकू त्या किमान रकमेच्या 54 रुपये वर आहेत. (हाच नियम उलटाही लागतो. बाई नोकरीला होती आणि ती वारली, तर विधुर नवऱ्यालाही असंच निम्मं.)

आणि ही रक्कम गोठलेली आहे. सरकारी पेन्शनसारखा इथे महागाईभत्ता नाही. काकू आज 57 वर्षांच्या आहेत. देवाने आयुष्य दिलं तर त्या पंच्याऐंशीच्या होतील तेव्हाही, नियम बदलला नाही तर, खात्यात 1,054 च येतील.

माझा मुद्दा या निम्म्याचा आहे.

पेन्शन कमी आहे यावर पुष्कळ बोललं जातं, आणि ते बरोबरच आहे. बुलढाण्यातून उभं राहिलेलं ईपीएस-95 वाल्यांचं आंदोलन 7,500 रुपये किमान पेन्शन, त्यावर महागाईभत्ता आणि नवराबायको दोघांना मोफत उपचार मागतंय. 2013 मध्ये राज्यसभेच्या याचिका समितीने किमान 3,000 ची शिफारस केली होती. त्या समितीचे अध्यक्ष भगतसिंह कोश्यारी पुढे आपल्याच राज्याचे राज्यपाल झाले. शिफारस मात्र 1,000 वरच अडकली. हे सगळं रकमेबद्दल झालं. पण माणूस गेल्याच्या दुसऱ्या दिवसापासून त्याच रकमेचं निम्मं का होतं, हा प्रश्न मी कुठल्या मोर्चात क्वचितच ऐकलाय. मोर्चाला येतात ते बहुतेक पुरुष, आणि ते जिवंत आहेत. निम्मं ज्यांच्या वाट्याला येतं त्या घरी असतात.

निम्म्यामागचा विचार काय असावा? दोन माणसांचं एक झालं, खर्च निम्मा झाला. आता आपल्या घरात बघा. घरपट्टी निम्मी झाली का? वीजबिलातला स्थिर आकार निम्मा झाला का? एका माणसासाठी गॅस थोडा कमी लागतो, पीठ कमी लागतं, एवढंच. छप्पर गळायचं थांबत नाही. उलट आजारपणात काका रिक्षाने घेऊन जायचे, आता सोबतीला कुणी शोधावं लागतं.

दुसरं, या नियमात एक विचित्र गोष्ट आहे. काका नोकरीत असताना वारले असते, तर काकूंना निम्मं नसतं मिळालं. कामगार नोकरीत असताना वारला तर त्या दिवशी तो निवृत्त झाला असं धरून जे पेन्शन बसतं ते पूर्ण विधवेला मिळतं. कमी नोकरी असेल तर योजनेतल्या ठरलेल्या तक्त्याची रक्कम, किंवा 1,000, यातलं जे जास्त असेल ते. म्हणजे पगार 10,500 धरून निवृत्तीच्या आदल्या आठवड्यात माणूस गेला तर बायकोला साधारण 2,100 च्या आसपास. निवृत्तीनंतरच्या आठवड्यात गेला तर त्याच बायकोला 1,054. माणूस तोच, 19 वर्षं तीच, फंडात भरलेले पैसेही तेच. नोकरीतल्या मृत्यूला जास्त मदत द्यावी हे समजू शकतं, तिथे लेकरं लहान असतात, ती मदत काढून घ्या असं माझं म्हणणं नाही. पण निवृत्तीच्या तारखेच्या अलीकडे-पलीकडे एवढी दरी कशासाठी?

तिसरं, सरकार स्वतःच्या कर्मचाऱ्यांना काय देतं ते बघा. केंद्र सरकारच्या जुन्या पेन्शनमध्ये निवृत्ताला शेवटच्या पगाराच्या 50 टक्के. तो गेल्यावर पत्नीला पहिली सात वर्षं, किंवा त्याचं वय 67 झालं असतं तोवर, यात जे आधी येईल तोपर्यंत 50 टक्केच. म्हणजे तेवढे दिवस काहीच कपात नाही. त्यानंतर 30 टक्के. म्हणजे पेन्शनच्या 60 टक्के. आणि किमान कुटुंब निवृत्तीवेतन 9,000, त्यावर महागाईभत्ता. मी सरकारी कर्मचाऱ्यांच्या विरोधात लिहीत नाहीये, माझे निम्मे मित्र मास्तर आहेत. मुद्दा एवढाच की विधवेला एकदम निम्म्यावर आणू नये हे सरकारला कळतं. स्वतःच्या ऑफिसात कळतं, गिरणीच्या दारात कळत नाही.

बाहेरचं एक उदाहरण देतो, कारण ते थेट याच प्रश्नाचं आहे. अमेरिकेत सोशल सिक्युरिटी म्हणून कामगारांची पेन्शन योजना आहे. तीही पगारातून कापलेल्या पैशावरच चालते. 1939 मध्ये त्यांनी ठरवलं की ज्या बायकोने कधी नोकरी केली नाही, तिचाही त्यात हक्क धरायचा. आज तिथे नवरा जिवंत असताना, त्याचं पेन्शन पूर्ण चालू असताना, बायकोला ठरलेल्या वयानंतर तिच्या नावावर त्याच्या रकमेच्या निम्म्यापर्यंत वेगळं मिळतं. घरात मिळून दीडपट येतं. नवरा गेला की तिचं निम्मं बंद होतं आणि त्याची पूर्ण रक्कम तिला चालू होते. लवकर घेतलं तर कमी मिळतं, अटी आहेत, पण ढाचा हा आहे. दीडशेचे शंभर होतात. आपल्याकडे शंभराचे पन्नास. आपण तिथल्या श्रीमंतीची बरोबरी करू शकत नाही हे मला कळतं. पण विधवेने किती खाली यायचं हे ठरवायला श्रीमंती लागत नाही. ते वाटणीचं प्रमाण आहे.

आता उलट बाजू. यावर पीएफच्या कामाशी संबंधित एका जाणकारांशी बोललो. त्यांचं म्हणणं, हा फंड वर्गणीचा आहे, मालक भरतो 8.33 टक्के, केंद्र सरकार वर 1.16 टक्के घालतं, यातूनच सगळं भागवायचं. विधवेला पूर्ण द्यायचं तर पैसा कुठून आणणार? 1,000 ची किमान रक्कमसुद्धा सरकार बजेटमधून भर घालून देतं. हे म्हणणं खोटं नाही. मी ते बाजूला सारत नाही. ज्याने 19 वर्षं मर्यादेतल्या पगारावर वर्गणी भरली त्याच्या पैशातून डोंगर उभा राहणार नाही.

पण म्हणून दोन गोष्टी मागता येतात आणि त्या अवाजवी नाहीत. पहिली, निम्म्यावर थेट आणण्याऐवजी सरकारी नियमासारखी पहिली काही वर्षं पूर्ण आणि नंतर 60 टक्के. काकूंच्या बाबतीत हा फरक आधी महिन्याला 1,053 आणि नंतर 210 रुपयांचा आहे. दुसरी, तेही जमत नसेल तर निदान पर्याय द्या. निवृत्त होताना नवराबायकोला विचारा, आत्ता थोडं कमी घ्याल का, म्हणजे मागे राहील तिला जास्त मिळेल? असे पर्याय या योजनेत पूर्वी होते. आपलं पेन्शन दहा टक्के कमी घेऊन मागे राहणाऱ्यासाठी भांडवल परत मिळण्याची सोय होती. ती 2008 मध्ये बंद केली. काकांना 2020 मध्ये कुणी विचारलंच नाही, कारण विचारण्यासारखं काही शिल्लक नव्हतं. काका म्हणाले असते की नाही ते मला माहीत नाही. पण तो निर्णय दोघांचा असायला हवा होता.

नियम बदलेल तेव्हा बदलेल. तोवर जे 1,054 हक्काचे आहेत ते तरी वेळेवर मिळावेत. काकूंना ते मिळायला आठ महिने लागले. त्यातला बराचसा त्रास टळण्यासारखा होता, म्हणून तो पूर्ण सांगतो.

काका गेले फेब्रुवारीत. घरात कुणाच्या डोक्यात बँक नव्हती. मार्च आणि एप्रिलचं पेन्शन काकांच्याच खात्यात पडलं. हयातीचा दाखला नोव्हेंबरमध्ये दिलेला, तो बारा महिने चालतो, त्यामुळे वर कुणाला कळायचं कारण नव्हतं. पोराने एटीएमने पैसे काढले, सामानाची उधारी भागवली. त्याला वाटलं वडिलांचेच आहेत. मे महिन्यात मृत्यूचा दाखला घेऊन आम्ही बँकेत गेलो, तेव्हा आधी हे 4,214 रुपये परत भरा म्हणाले. काकू घाबरल्या. पोरावर काही केस होते का, हाच त्यांचा प्रश्न. केस वगैरे काही झाली नाही, पण पैसे भरावे लागले. खरं तर त्यातले 2,108 काकूंचेच होते, कारण त्यांचा हक्क काका गेल्याच्या दुसऱ्या दिवसापासून सुरू होतो. पण आधी पूर्ण परत, आणि त्यांचे नंतर थकबाकीत.

मग नाव. पेन्शनचा जो आदेश असतो, पीपीओ म्हणतात त्याला, त्यावर काकूंचं नाव आणि दोघांचा जोडफोटो आहे. फोटो बरोबर. पण नाव रेशनकार्डावरचं, म्हणजे लग्नात सासरी ठेवलेलं. आपल्याकडे त्या काळी तांदळात अंगठीने नाव लिहून मुलीचं पाळण्यातलं नावच बदलायचे. आधार काढताना काकूंनी शाळेचा दाखला दाखवला, त्यावर माहेरचं नाव. झालं. एकाच बाईची दोन नावं, आणि कॉम्प्युटरच्या लेखी दोन बायका. बँकेतला पोरगा चांगला होता, म्हणाला, "मावशी, मला दिसतंय तुम्हीच आहात. पण हे पुढे जायचं नाही."

पुढे मग लग्नाचा दाखला मागितला. 1983 साली गावात कोण लग्न नोंदवत होतं? ग्रामपंचायतीचा रहिवासी दाखला, दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं प्रतिज्ञापत्र, मग राजपत्रात नाव. दोनदा जिल्ह्याच्या गावी खेप. एकदा साहेब मीटिंगला, एकदा कागदावर सही राहिलेली. दर खेपेला काकू पदराला पैसे बांधून यायच्या आणि एसटीचं तिकीट मीच काढू का म्हणून विचारायच्या. ऑक्टोबरमध्ये थकबाकीसकट पैसे पडले. उशिरामुळे हक्क बुडाला नाही एवढं खरं.

यावरून तुम्हाला सांगायच्या गोष्टी तीनच.

घरातला पेन्शनर हयात आहे, तोवर त्याचा पीपीओ ट्रंकेतून काढा. त्यावरचं बायकोचं नाव आणि जन्मतारीख तिच्या आधारशी अक्षर न अक्षर ताडून बघा. फरक असेल तर आत्ताच अर्ज करा. नवरा स्वतः टेबलासमोर उभा राहून "ही माझी बायको" म्हणतो तेव्हा जे काम एका अर्जात होतं, त्यालाच तो गेल्यावर राजपत्र लागतं. बायकोचं स्वतःच्या नावाचं, आधार जोडलेलं बँक खातं असू द्या. जो अजून नोकरीत आहे त्याने पीएफच्या पोर्टलवर ई-नॉमिनेशन करून बायकोचं नाव, आधार आणि फोटो चढवून ठेवावा.

माणूस गेला की दिवस झाल्याबरोबर बँकेला कळवा आणि त्या खात्यातलं पुढचं पेन्शन उचलू नका. मृत्यूचा दाखला, पीपीओची प्रत, बायकोचं आधार आणि पासबुक एवढं घेऊन जा. काय दिलं त्याची पोच घ्या, शिक्क्यासकट.

तिसरी गोष्ट ज्यांना पेन्शन चालूच झालेलं नाही त्यांच्यासाठी. अनेक घरांत नवरा पूर्वी कुठेतरी दहा-बारा वर्षं कारखान्यात होता, मग काम सोडलं, आणि 58 च्या आधीच वारला. बायकोला वाटतं, नोकरी नव्हती, म्हणजे काही नाही. तसं नसतं. दहा वर्षं भरलेली असतील आणि पेन्शनचा पैसा काढून घेतलेला नसेल, तर तिचा हक्क असतो. त्याला कदाचित स्कीम सर्टिफिकेट मिळालं असेल, जुन्या कागदांत बघा. आणि नोकरीत असताना गेला असेल तर दहा वर्षांचीही अट नाही, पेन्शन फंडात एक महिन्याची वर्गणी भरलेली असली तरी विधवेला पेन्शन आहे. कंत्राटी कामगारांच्या बायकांनी हे लक्षात ठेवावं. अर्ज 10-डी नावाच्या फॉर्मवर होतो. दोन लेकरांना 25 वर्षांपर्यंत वेगळं पेन्शन असतं, तेही त्याच फॉर्मवर.

पण एक कडू गोष्टही सांगतो. दहा वर्षांच्या आत काम सोडून ज्याने 10-सी फॉर्म भरून पेन्शनचे पैसे उचलले, त्याच्या बायकोचा हक्क तिथेच संपला. आमच्या गावात आठ-नऊ वर्षांवर नोकरी सोडून ते पंधरा-वीस हजार उचललेले कितीतरी जण आहेत. कुणी गाडीचं डाऊन पेमेंट केलं, कुणी बोअर मारली. फॉर्मवर सही त्याची एकट्याची. जिचा आयुष्यभराचा आधार त्या सहीने गेला, तिला घरी येऊन कुणी सांगितलंही नाही. पैसे काढण्याऐवजी स्कीम सर्टिफिकेट घेतलं असतं तर पुढच्या नोकरीची वर्षं त्यात जोडली गेली असती. त्यामुळे पोरांनो, नोकरी बदलताना एजंट म्हणेल "सगळं काढून देतो", तर आधी किती वर्षं झाली ते मोजा आणि घरी बायकोशी बोला. माझ्या मते त्या फॉर्मवर तिचीही सही असायला हवी. नियमात ती मागितलेली नाही. सगळ्या प्रश्नाची मुळी तिथेच आहे, तिच्या म्हातारपणाचा निर्णय होतो आणि तिला विचारलं जात नाही.

काकूंना मी शेवटी हिशोब कागदावर मांडून दाखवला. 13 वर्षांचे इतके, 6 वर्षांचे इतके, आणि त्याचं निम्मं. त्यांनी नीट ऐकलं. मग विचारलं, "म्हंजे डबा मी उठून द्यायची ते धरलं नाही यात." मी म्हणालो, नाही काकू, ते कुठंच धरलेलं नाही. "बरं," म्हणाल्या, आणि पासबुक पिशवीत घालून गेल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी शेडवरून कांड्यांचा आवाज येत होता. काकू परत कामाला लागल्यात. अजूनही पीएफ नाही.

आपल्या खासदारांना गावात आले की हे निम्म्याचं विचारा. मी विचारणार आहे, आणि ते काय म्हणाले ते इथेच लिहीन.